जर्मनीत ४९ महिने पेन्शनचे पैसे कापलेत, आता बेळगावला परत येतोय: काढून घेऊ की ठेवू?

उद्यमबागचा_सेटर

नमस्कार मंडळी. मी मूळचा मच्छेचा. आयटीआय झाल्यावर उद्यमबागेत एका कारखान्यात तीन वर्षं आणि वर दोन महिने सीएनसीवर होतो, तिथं पीएफ कापायचे. मग स्टुटगार्टजवळ एका कंपनीत थेट नोकरी लागली. या मार्चमध्ये तिथले ४९ महिने पूर्ण होतील. वय ३४. बाबांची तब्येत बरी नाही आणि आईला एकटीला सगळं झेपत नाही, म्हणून कायमचा परत येतोय. स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकायचा विचार आहे. जुनं व्हीएमसी मशीन बघून ठेवलंय.

इथं दर महिन्याच्या पगारपत्रकावर रेंटनफरझिशरुंग म्हणून मोठी रक्कम कापली जाते. एक मित्र म्हणतो, भारतात गेल्यावर अर्ज केला की परत मिळते. दुसरा म्हणतो, पाच वर्षं झाली नाहीत तर सगळं बुडालं. ऑफिसातली बाई म्हणाली की भारताशी करार आहे, पैसे काढायची घाई करू नका. कोणाचं खरं? मला मशीनसाठी पैसे लागणार आहेत, पण म्हातारपणीचं पण बघायला पाहिजे.

खानापूरकर

घाबरू नको की रे. भारत आणि जर्मनीचा करार २०१७ पासून चालू आहे. तिथला पैसा थेट तुझ्या पीएफ खात्यात वळता होतो, यूएएन नंबर दिला की झालं. माझा आत्तेभाऊ बेंगळूरच्या कंपनीकडून तीन वर्षं जर्मनीला होता. त्याचा पीएफ एक महिना पण तुटला नाही.

दुबई_रिटर्न

मी १४ वर्षं दुबईत काढली. पेन्शन वगैरे काही नाही आम्हाला. सुटताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. बेसिकवर हां, पूर्ण पगारावर नाही. माझा बेसिक कंपनीने मुद्दाम कमी ठेवला होता, त्यामुळे हातात आलं ते ऐकून बायको रडली. तेव्हा तू पण आधी कंपनीकडून ग्रॅच्युइटी लिहून घे. हिशोब सुटायच्या आधी मागायचा, नंतर कोण विचारत नाही.

उद्यमबागचा_सेटर

काका, जर्मनीत ग्रॅच्युइटीचा तसा प्रकार नाही. इथं पेन्शन कापतात. पण बेसिकची गोष्ट लक्षात ठेवतो, माझा मामेभाऊ शारजाला चाललाय, त्याला सांगतो.

टिळकवाडीची_रेखा

मी २२ वर्षं पुण्यात परदेशी पाठवायच्या लोकांचे पगार आणि पीएफ बघत होते. आता निवृत्त होऊन बेळगावात आहे. या प्रश्नावर घरोघरी चुकीचं सांगितलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खानापूरकर, तुमच्या आत्तेभावाचं खरं आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. त्याला भारतातल्या कंपनीने पाठवलं होतं. अशा माणसासाठी कंपनी पीएफ ऑफिसकडून कव्हरेजचं सर्टिफिकेट काढते. ते दाखवलं की जर्मनीत पेन्शन कापतच नाहीत आणि इथला पीएफ चालू राहतो. ही सवलत ४८ महिन्यांपर्यंत असते. पैसे वळते झाले असं त्याला वाटलं, पण तिकडे भरलेच नव्हते. आपले सेटर दादा जर्मन कंपनीच्या नोकरीत आहेत, त्यामुळे त्यांचं तिथंच कापलं जाणार.

आणि कराराने पैसा कधीच इकडून तिकडे जात नाही. करार फक्त महिने मोजायला मदत करतो. जर्मनीत म्हातारपणाच्या पेन्शनसाठी किमान ६० महिने लागतात. तुमचे ४९. पण करारामुळे भारतातले पेन्शन योजनेचे महिने त्यात मिळवता येतात. उद्यमबागचे ३८ धरले तर ८७ होतात आणि दार उघडतं. मग जर्मनी पेन्शन देते ती तिच्या ४९ महिन्यांचीच. भारताच्या महिन्यांचे पैसे ती देत नाही, ते भारताच्या हिशोबात.

तेव्हा तुमचे दोन्ही मित्र अर्धवट बरोबर आहेत. बुडत नाही आणि नुसत्या अर्जाने पूर्ण परत पण मिळत नाही. ऑफिसातल्या बाईंचं मात्र ऐका.

उद्यमबागचा_सेटर

रेखाताई, मनापासून आभार. मग परत मिळणारे किती आणि ठेवले तर किती, हे कसं काढायचं? पगार सुरुवातीला महिना ३,५०० युरो होता, आता ४,००० आहे, करापूर्वीचा.

टिळकवाडीची_रेखा

पेन्शनसाठी पगाराच्या १८.६ टक्के जातात. निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे, म्हणजे तुमच्या पगारातून ९.३ टक्के. परत मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा आणि त्यावर एक पैसा व्याज नाही. सरासरी ३,७५० धरून ४९ महिन्यांचे साधारण १७,००० युरो येतील. कंपनीचे तितकेच १७,००० तिथंच राहतात, ते तुम्हाला कधी दिसणार नाहीत.

ठेवले तर हिशोब गुणांवर चालतो. त्या वर्षी जर्मनीतल्या सरासरी पगाराइतका पगार असला की एक गुण. तुम्ही सरासरीच्या थोडे खाली होता, तेव्हा सगळे मिळून चारच्या आसपास गुण होतील. जुलै २०२५ पासून एका गुणाला महिना ४०.७९ युरो आहेत. म्हणजे आजच्या दराने साधारण १६० युरो महिना, वयाच्या ६७ पासून, जिवंत असेपर्यंत, बेळगावात बसून पूर्ण. गुणाचा दर तिथल्या पगारवाढीप्रमाणे दरवर्षी जुलैत बदलतो आणि तुमच्या जुन्या गुणांना पण तोच नवा दर लागतो.

आता मशीनचं. परताव्याचा अर्ज सक्तीचा विमा संपल्यावर २४ महिने गेल्याशिवाय करताच येत नाही. या मार्चमध्ये सुटलात तर दोन वर्षं थांबणं आलंच. तेव्हा मशीनचा हिशोब या पैशावर मांडू नका. कोणी एजंट लगेच काढून देतो म्हणाला तर त्याला आगाऊ फी देऊ नका.

आणि परतावा घेतला की तिथलं खातं कायमचं संपतं. पुढे कधी पुन्हा जर्मनीला गेलात तरी हे ४९ महिने शून्य.

अनगोळचा_अकाउंटंट

रेखाताईंची माहिती चोख आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. १७,००० युरो म्हणजे युरोला शंभर धरून १७ लाख. माणूस ३४ चा आहे. ७ टक्क्यांनी ३३ वर्षं ठेवले तर नऊ पटीच्या वर जातात, दीड कोटीच्या पुढे. त्याचं नुसतं व्याज महिना ९० हजार. मुद्दल मुलांना राहतं. पेन्शन माणसाबरोबर जाते, बायकोला त्यातला भाग मिळतो तेवढाच. १६० युरो म्हणजे १६ हजार रुपये, तेही ३३ वर्षांनी!

टिळकवाडीची_रेखा

अकाउंटंट साहेब, तुम्ही १७ लाख ३३ वर्षं वाढवलेत आणि १६ हजार मात्र आहे तिथंच ठेवलेत. २०१० मध्ये पश्चिम जर्मनीतला एक गुण २७.२० युरो होता आणि युरो साठ रुपयांच्या आसपास. आज ४०.७९ आणि शंभर. रुपयांत मोजलं तर १५ वर्षांत अडीच पट. पुढेही असंच होईल अशी हमी मी देत नाही, पण याच चालीने गेलं तर तुमच्या दिवशी ते १६ हजार लाखाच्या पुढे असतील. दोन्ही पारडी जवळजवळ येतात.

त्यात तुमच्या ७ टक्क्यांवर दरवर्षी कर आहे. आणि ३३ वर्षं त्या ठेवीला हात लावायचा नाही. घर, लग्न, आजारपण, वर्कशॉपला कमी पडलेलं भांडवल, एवढ्यातून ती ठेव शाबूत राहिलेली मी आमच्या नात्यात एकदाही पाहिली नाही. जर्मनीतला पैसा मोडता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

अनगोळचा_अकाउंटंट

मोडता न येणं हा गुण ज्याला गरज नाही त्याला. वर्कशॉप टाकणाऱ्याला दोन वर्षांनी १७ लाख मिळाले तर कर्ज फेडून टाकेल. १२ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे १२ टक्के कमावणंच की. मी माझ्या भावाला काढच म्हणालो असतो. पण वाढीचा मुद्दा मान्य, मी तो धरला नव्हता.

उद्यमबागचा_सेटर

दोघांचं वाचून रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट सांगायची राहिली. जर्मनीला यायच्या आधी मी पीएफ ऑनलाइन काढून घेतला होता. तिकिटाला पैसे पाहिजे होते. मग ते ३८ महिने धरतात का?

टिळकवाडीची_रेखा

दादा, आता सगळं या एका उत्तरावर आहे. काढताना कोणते फॉर्म भरलेत? १९ नंबरचा फॉर्म पीएफच्या रकमेचा. तो भरला तर बिघडलं नाही. १० सी वेगळा. त्यात पेन्शन योजनेतले पैसे काढले असतील तर भारताच्या दृष्टीने तुमची ती नोकरी पेन्शनपुरती पुसली गेली. पुसलेले महिने पीएफ ऑफिस जर्मनीला कळवेल या भरवशावर राहू नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, मगच ठरवा.

१० सी झाला असेल तर आणखी एक अडचण आहे. तुम्हाला ६० ला ११ महिने कमी पडतात, तेव्हा कोणी म्हणेल की बेळगावात वर्षभर पीएफवाली नोकरी कर, भरून निघेल. पण १ सप्टेंबर २०१४ पासून नव्याने येणाऱ्याचा बेसिक आणि डीए मिळून १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. सगळा पैसा पीएफमध्ये जातो. १० सी घेतलेला माणूस परत आला की नवाच. तुमच्यासारख्या सेटरला १५,००० च्या आत कोण घेणार? आणि स्वतःच्या वर्कशॉपचा मालक म्हणून तर तुमचे महिने मोजलेच जात नाहीत.

पासबुक उघडा. शेवटचा रकाना पेन्शनचा असतो. तिथं काय दिसतंय आणि १० सी चा क्लेम मंजूर आहे का, ते सांगा.

खानापूरकर

माझं वर चुकलं, ताईंनी बरोबर सांगितलं. आत्तेभावाला विचारलं, तो पण म्हणाला की जर्मनीत त्याचं काही कापलंच नव्हतं. पण एक शंका. शेतकरी लोक पेन्शन योजनेत खातं उघडून ११ महिने भरू शकत नाहीत का? अटल पेन्शनमध्ये?

टिळकवाडीची_रेखा

नाही. या करारात नोकरदारांची पेन्शन योजना आहे, पीएफ ऑफिसवाली. अटल पेन्शन स्वतःच्या जागी चांगली, पण तिचे महिने इथं चालणार नाहीत.

निपाणीची_सिस्टर

मी धागा पहिल्यापासून वाचतेय आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाही. मी जर्मनीत नर्स आहे, ५६ महिने झाले. दोन महिन्यांनी करार संपतो, म्हणजे ५८. लग्न ठरलंय, नवरा कोल्हापूरचा, त्यामुळे परत येणार. इकडे येण्याआधी निपाणीत एका छोट्या दवाखान्यात चार वर्षं होते, पण त्यांनी पीएफ कधी कापलाच नाही. हातात रोख पगार. रेखाताई, माझं काय?

टिळकवाडीची_रेखा

सिस्टर, तुमचं आणि सेटर दादांचं गणित अगदी निराळं. तुमच्याकडे भारताचे महिने शून्य. ५८ वर परत आलात तर पेन्शनचा हक्क नाही, पुढे इथं पेन्शन योजनेत दोन महिने तरी लागले नाहीत तोवर. तुमच्यापुढे राहतो परतावा, निम्मा, बिनव्याजी, २४ महिन्यांनी.

तेच ६० पूर्ण केलेत तर भारताच्या एकाही कागदाशिवाय तुमचा स्वतःचा हक्क तयार होतो. त्याची दुसरी बाजू पण नीट समजून घ्या: जर्मनीचेच ६० भरले की परताव्याचं दार बंद होतं. मग ते पैसे ६७ लाच, पेन्शन म्हणूनच. लग्नानंतर हाताशी रक्कम पाहिजे असेल तर ५८ वर थांबणं हेही चुकीचं नाही. पण नकळत थांबू नका.

महिन्यातला काही भाग काम झालं तरी तो महिना धरला जातो. ६० वा महिना पूर्ण राबायलाच पाहिजे असं नाही.

निपाणीची_सिस्टर

म्हणजे आठवडे मोजायचे. उद्याच वॉर्डच्या मुख्य बाईंना विचारते, दोन महिने वाढवून देतात का. सासरच्यांना लग्नाची तारीख पुढे न्या म्हणून सांगणं त्याहून अवघड आहे. पण नवऱ्याला हा धागा पाठवला, तो म्हणाला दोन महिन्यांसाठी आयुष्यभराचं सोडू नकोस. घरी तो बोलणार आहे.

त्या दवाखान्याचा मात्र फार राग आला. चार वर्षं रात्रपाळ्या केल्या आणि कागदावर माझं नावच नाही.

दुबई_रिटर्न

सिस्टर, त्या रागाला कारण आहे. आपल्याकडे पीएफ कापला की लोकांना पगार कमी आला असं वाटतं. माझी मुलगी शहापुरात शोरूमला लागली तेव्हा मालक म्हणाला, पीएफ नको, रोख जास्त देतो. मी होकार देणार होतो. हे वाचून आज तिला पीएफ मागायला सांगितलं.

उद्यमबागचा_सेटर

पासबुक बघितलं. १९ चा क्लेम मंजूर होऊन पैसे आले होते. १० सी पण टाकलेला दिसतोय, पण तो नामंजूर आहे! कारण नावात फरक. कारखान्याने आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमाने लिहिलं होतं आणि आधारवर उलट. तेव्हा वैतागून मी परत टाकलाच नाही. पेन्शनच्या रकान्यात रक्कम तशीच आहे.

टिळकवाडीची_रेखा

हे वाचून मला खूप बरं वाटलं. तुमचे ३८ महिने जिवंत आहेत. पण नाव आत्ताच दुरुस्त करा. तो कारखाना चालू आहे तोवर त्यांच्याकडून संयुक्त अर्ज होतो. बंद पडला तर त्रास वाढतो. आपल्या भागात हे फार होतं. शाळेचा दाखला मराठी पद्धतीचा, आधारवर कर्नाटकाच्या पद्धतीने इनिशियल, पासपोर्टवर तिसरंच. जर्मनीचं खातं पासपोर्टच्या नावाने आहे, तेव्हा पीएफचं नाव पासपोर्टला जुळवा. दुरुस्ती झाली म्हणून १० सी पुन्हा टाकू नका!

निघायच्या आधी जर्मन पेन्शन संस्थेकडून फरझिशरुंग्सफरलाउफ मागवा, म्हणजे कोणत्या महिन्यात किती पगार नोंदला त्याचा तक्ता. त्यांचं वार्षिक पत्र पाच वर्षं भरल्यावरच येतं, म्हणून तुम्हाला कधी आलं नसणार. एखादा महिना गाळलेला असेल तर पगारपत्रक दाखवून तिथं असतानाच भरून घ्या. आणि नगरपालिकेतून गाव सोडल्याचा दाखला, आबमेल्डुंग, घ्यायला विसरू नका.

अनगोळचा_अकाउंटंट

आणि बँक. पुढे परतावा घ्या की पेन्शन, पैसे परदेशातून येणार. आपल्याकडे निम्म्या लोकांची खाती सहकारी बँकेत किंवा सोसायटीत असतात. तिथं बहुधा स्विफ्ट कोड नसतो. मोठ्या बँकेत स्वतःच्या एकट्याच्या नावाने खातं ठेवा आणि नाव पासपोर्टप्रमाणेच. माझ्या एका अशिलाची परदेशी रक्कम याच कारणाने परत गेली होती.

निपाणीची_सिस्टर

परताव्याचा फॉर्म कोणता असतो? मुख्य बाईंनी नाही म्हटलं तर तीच वाट राहील.

टिळकवाडीची_रेखा

V0901, परदेशात राहणाऱ्यांसाठीचा. जर्मन पेन्शन संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. ओळख आणि सही प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यासाठी आपण कर्नाटकातले लोक बेंगळूरच्या जर्मन वकिलातीत जातो. मुंबई जवळ वाटते म्हणून तिकडे अपॉइंटमेंट घेऊ नका. तुम्ही लग्नानंतर कोल्हापूरला गेलात आणि पत्ता बदललात तर मात्र मुंबई. लग्नाचा दाखला निपाणीचा झाला तर तो कन्नडमध्ये येईल, त्याचं भाषांतर आत्ताच करून ठेवा, नाव बदलणार असाल तर नक्कीच.

उद्यमबागचा_सेटर

ठरलं तेवढं सांगतो. मशीनसाठी बँकेत कर्जाची चौकशी केली, या पैशाचा विचार त्यातून काढून टाकला. पीएफचं नाव दुरुस्त करायला जुन्या कारखान्यातल्या दादांना फोन केला, ते सोमवारी कागद बघतो म्हणाले. तक्ता मागवायचं पत्र आज टाकलं. काढायचं की ठेवायचं ते दोन वर्षांनी बघेन, तेव्हा कर्ज किती उरलंय आणि वर्कशॉप कसं चालतंय ते दिसेल. सध्या मन ठेवण्याकडे आहे.

ताई, एकच विचारायचं राहिलं. ६७ ला पेन्शनचा अर्ज मला जर्मनीला पाठवायचा की इथं? आणि त्याआधी माझं काही बरंवाईट झालं तर बायकोला कुठं जायचं, ते लिहून ठेवायचंय.

टिळकवाडीची_रेखा

अर्ज इथल्या पीएफ ऑफिसमधून करता येतो. इथं दिलेली तारीख तिकडेही धरली जाते. बायकोचं पण तेच दार, करारात मागे राहिलेल्यांची पेन्शन पण आहे आणि तिथंही दोन्ही देशांचे महिने एकत्र मोजतात. तिच्यासाठी एका कागदावर तुमचा जर्मन पेन्शन नंबर, यूएएन, दोन्ही कंपन्यांची नावं आणि नोकरीच्या तारखा लिहा आणि तो तक्त्याबरोबर एकाच फायलीत ठेवा. बारा अक्षरी नंबर आहे, मध्ये एक इंग्रजी अक्षर येतं. ते नीट उतरवा.

निपाणीची_सिस्टर

मुख्य बाई म्हणाल्या, एक महिना नक्की वाढवून देतात. दुसऱ्याचं वरच्या ऑफिसला विचारून शुक्रवारी सांगतात. एकच मिळाला तर ५९ होतात. रेखाताई, तो उरलेला एक महिना नवऱ्याच्या गावी पीएफवाल्या हॉस्पिटलात केला तर चालेल ना? माझा पगार १५,००० च्या वर असेल.

टिळकवाडीची_रेखा

तिथं तेच १५,००० आडवे येतात, सिस्टर. बेसिक आणि डीए वेगळं किती लिहितात ते ऑफर लेटरवर बघावं लागेल. शुक्रवारचं उत्तर येऊ दे. दुसऱ्या महिन्यात चार दिवस जरी कामावर ठेवलं तरी तो महिना धरला जाईल, हे त्या वरच्या ऑफिसला सांगून बघा.